पंचवार्षिक

पूर्वी पाच वर्षांचा हिशेब फक्त सरकार द्यायचं. आता हिंजवडीत कुणीही देतो.

आमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या पंचवार्षिकाने जूनच्या शेवटच्या आठवड्यातच तयारी सुरू केली. ६ जुलैला त्याला कंपनीत पाच वर्षं पूर्ण होणार होती. लिंक्डइनवर टाकायच्या मजकुराचा पहिला खर्डा त्याने मला दाखवला तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी निरोप समारंभ आहे. "त्या दिवशी या गेटमधून आत शिरताना पाय थरथरत होते," अशी सुरुवात होती.

"अरे, तू २०२० च्या जुलैत जॉइन झालास. तेव्हा गेटला कुलूप होतं," मी म्हटलं.

हे त्याला आठवत होतं. लॅपटॉप कुरिअरने चिंचवडला आला होता, आणि ओळखपरेडीच्या कॉलवर हा स्वतःचे छंद सांगत असताना मागून आईने पोह्यांची बशी पुढे केली होती. सगळ्या बॅचने ते पाहिलं. गेट त्याने प्रत्यक्ष पाहिलं ते दीड वर्षाने, आणि तेव्हाही सिक्युरिटीवाल्याने ओळखपत्र चालत नाही म्हणून पाऊण तास बाहेर उभं केलं. पाय तेव्हा दुखत होते.

"पण पोह्यांनी लाइक येत नाहीत," पंचवार्षिक म्हणाला. त्याचा या विषयातला अभ्यास दांडगा. मोबाइलवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं सगळं '…more' च्या मागे दडलेलं असतं. म्हणजे जे काही थरथरायचं ते त्या तीन ओळींत थरथरलं पाहिजे. त्याखाली एकेका वाक्याचा परिच्छेद, मध्ये मोकळी ओळ. वाचणाऱ्याला वाटावं, लेखकाचा कंठ दाटून आलाय.

मग आभार. आभारांत नावं कुणाची, यापेक्षा ती कुठल्या क्रमाने, यावर आमचे दोन चहा झाले. पहिला टॅग डिलिव्हरी हेडला. यांना तो आयुष्यात दोनदा भेटला होता, त्यातून एकदा लिफ्टमध्ये. तिथे त्यांनी "फोर्थ फ्लोअर?" असं विचारलं होतं. पोस्टमध्ये त्याचं "मला कुठे पोहोचायचंय याची जाणीव त्यांनी करून दिली" असं झालं. दुसरा टॅग मॅनेजरला, कारण बढतीची यादी त्याच्याकडे. तिसरा एचआरला, कारण एचआर आवर्जून कॉमेंट करते, आणि एचआरने कॉमेंट केली की तिची माणसंही करतात. शेवटी "आणि माझी संपूर्ण टीम". या चार शब्दांत मी होतो.

"मास्तरांचं नाव?" मी विचारलं.

तो थोडा घुटमळला. "ते आता दुसऱ्या कंपनीत आहेत ना रे. मॅनेजरला बरं दिसणार नाही."

मास्तर म्हणजे सोलापूरचे आमचे एक जुने सीनिअर. २०२१ मधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला पंचवार्षिकाला एका ग्राहकाचं खातं बंद करायचं होतं. त्याने थेट प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर `UPDATE` लिहिलं, `SET status = 'INACTIVE'` लिहिलं, आणि कोणत्या ग्राहकाचं हे सांगणारी `WHERE` ची ओळ निवडायची राहिली. कर्सरने वरच्याच दोन ओळी निवडल्या गेल्या आणि त्याने बटण दाबलं. पडद्यावर `(1 row affected)` यायला हवं होतं. आलं `(41318 rows affected)`. त्या क्षणी मात्र पाय खरंच थरथरले असावेत. एकाऐवजी एक्केचाळीस हजार तीनशे अठरा खाती बंद.

त्याने मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणाले, "आता कशालाच हात लावू नको बे. रडायचं असेल तर म्यूटवर रड." मग त्यांनी आदल्या रात्रीचा बॅकअप चालू डेटाबेसवर न चढवता बाजूला दुसऱ्या नावाने उभा केला, चालूवर चढवला असता तर त्या दिवसाचे सगळे व्यवहार पुसले गेले असते. मग ग्राहक क्रमांक जुळवून फक्त त्या एका रकान्यातल्या जुन्या नोंदी परत आणल्या. त्याच दिवशी जोडलेले ६३ ग्राहक बॅकअपमध्ये नव्हतेच. ते दोघांनी मिळून एकेक करून तपासले. रात्रीचे दोन वाजले. सोमवारी क्लायंटच्या कॉलवर मास्तरांनी "आमच्याकडून झालं" एवढंच सांगितलं. 'आमच्या'त कोण कोण, हे सांगितलं नाही.

नंतर त्यांनी याला बसवून घोटून घेतलं. आधी त्याच `WHERE` ने `SELECT` करून किती ओळी येतात ते बघायचं. मग `BEGIN TRAN`, मग `UPDATE`. आकडा जुळला तरच `COMMIT`, नाहीतर `ROLLBACK`. आणि शुक्रवारी चारनंतर प्रॉडक्शनला हातच लावायचा नाही. पाच वर्षांत हा माणूस जे काही शिकला ते एवढंच, आणि ते त्याच्या पोस्टमध्ये असं उतरलं: "अपयश ही यशाची पहिली पायरी आहे."

मी खर्डा वाचत असताना त्याच्या दुसऱ्या स्क्रीनवर एक्सेल उघडं होतं. पोस्टमधलं वाक्य होतं, "पाच वर्षांत कळलं की पैसा हे सर्वस्व नाही." एक्सेलमधलं सूत्र होतं `=52000*15/26*5`.

ही ग्रॅच्युइटी. मूळ पगार ५२ हजार, महिन्याचे कामाचे दिवस २६ धरायचे, दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. म्हणजे वर्षाचे ३० हजार, पाच वर्षांचे दीड लाख. तेव्हाचा १९७२ चा कायदा म्हणायचा, सलग पाच वर्षं भरली तर मिळणार. गंमत म्हणजे ऑफर लेटरमध्ये मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ही रक्कम दरवर्षी त्याच्या पॅकेजात मोजलेली असते. आधी सोडलं की ती नुसतीच मोजलेली राहते. चार वर्षं दोनशे चाळीस दिवस भरले तरी पाचवं वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, हेही त्याला पाठ होतं. पण आमच्या एचआरने "आपण पूर्ण पाच धरतो" असं गोड आवाजात सांगितल्यावर त्याने हातातली एक ऑफर सोडली होती. त्यानंतर थांबलेल्या महिन्यांना पोस्टमध्ये "निष्ठा" म्हटलं होतं.

६ जुलैला रविवार होता, म्हणून पोस्ट सोमवारी सकाळी साडेनऊला पडली, लोक हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून मोबाइल बघत असतात तेव्हा. फोटोत हातात ॲक्रिलिकचं मानचिन्ह. त्यावर आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं, म्हणून तिथे अंगठा. दुपारपर्यंत दोनशेवर लाइक. डिलिव्हरी हेडनी तयार बटण दाबून अभिनंदन केलं.

अकरा वाजता मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आला तो घामाघूम.

"काय म्हणाले?"

"विचारत होते, कुठे चाललायस. म्हणाले, एवढं कृतज्ञ कुणी उगाच होत नाही. आता माझ्या हाताखाली एक बॅकअप माणूस देतायत."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पोस्टवर नवी कॉमेंट होती, मास्तरांची. टॅग नव्हता तरी वाचली होती.

"पोस्ट करायच्या आधी `WHERE` बघितलंस का?"