एकोणपन्नास रुपयांचे मुखत्यारपत्र

रामकुंडावरील क्षेत्रोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या कुळांच्या ज्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या जातात, त्यांत आपल्या पणजोबांचे नाव व गाव दक्षिणेचा विषय निघण्यापूर्वीच वाचावयास मिळते. आणि त्या नावावर तिरपा शिक्का उमटवून, तो पुसावयाचा असल्यास सात दिवसांची वर्गणी भरावी असे बजावणारा उपाध्याय निदान माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव आता रेझ्युमे बनवून देणाऱ्या संकेतस्थळांनी भरून काढली आहे.

आमच्या आळीतील एका वाणिज्य पदवीधरास अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबनिसाच्या जागेसाठी अर्ज करावयाचा होता. ‘काका, फुकट आहे,’ असे मला आश्वासून तो अशा एका संकेतस्थळावर बसला. आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते, कारण रेझ्युमे बनविणे फुकटच होते, तो घरी नेण्यास तेवढे मूल्य होते. नमुना निवडणे, दहावीपासूनचे गुण भरणे, ‘टॅली’च्या ज्ञानापुढे पाचांपैकी चार ठिपके रंगविणे, या उद्योगात तिन्हीसांज झाली. सर्व श्रम ओतून झाल्यावर, आणि अर्जाची मुदत त्याच रात्री संपत असल्यामुळे उठून जाणे अशक्य झाल्यावर, मूल्यपत्रिका अवतरली. साध्या मजकुराची `.txt` फाइल विनामूल्य होती. परंतु तीत नमुन्याचे दोन्ही स्तंभ एकमेकांत मिसळून उमेदवाराचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या छंदांत जाऊन बसला होता. पीडीएफ हवी असल्यास संकेतस्थळाच्या नावाचा वॉटरमार्क पानभर तिरपा पसरणार. तो नको असल्यास सात दिवसांची ‘चाचणी’, अवघे एकोणपन्नास रुपये. त्याखाली, भिंगाचा व्यवसाय वाढावा अशा उदात्त हेतूने छापलेल्या ओळीत, त्यानंतर दर आठवड्यास ३४९ रुपये घेतले जातील असा खुलासा होता.

आता खरा दस्तऐवज कोणता, हे पाहण्यासारखे आहे. यूपीआय ऑटोपेची संमती देताना मोबाइलवर जो पट उघडतो, त्यात दुकानदाराच्या पानावरील गोडवा नसतो. तेथे कमाल रक्कम, वारंवारता आणि समाप्तीची तारीख, एवढेच रुक्षपणे लिहिलेले असते. आमच्या उमेदवाराच्या पटावर कमाल रक्कम ५,००० रुपये, वारंवारता साप्ताहिक आणि समाप्ती तीस वर्षांनंतरची होती. एकोणपन्नास रुपयांच्या खरेदीस पाच हजारांची मर्यादा कशासाठी, ही शंका घेण्याची तीच एक जागा. परंतु तेथे त्याने आपला पिन घातला आणि मुखत्यारपत्रावर सही झाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा आवर्ती वसुलीस १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा पिन लागत नाही. रक्कम वळती होण्यापूर्वी किमान चोवीस तास सूचना द्यावी, असा दंडक मात्र आहे, आणि सूचना आलीही. ती कर्जाची आमिषे व विजेच्या बिलाचा तगादा यांच्या मधोमध निमूटपणे पडून राहिली. अशा रीतीने उमेदवारास नोकरी लागण्यापूर्वी त्याच्या खात्यास ती लागली, आणि तीही आठवड्याच्या वेतनावर, वर्षाकाठी १८,१४८ रुपये देण्याच्या बोलीने.

संकेतस्थळाचे ॲप मोबाइलवरून काढून टाकले की प्रकरण मिटले, अशी त्याची समजूत होती. ॲप गेले, मुखत्यारपत्र राहिले. दुसरा हप्ताही यथाकाल गेला. मग आम्ही दोघांनी यूपीआय ॲपमधील ऑटोपेचा विभाग उघडून, पिन घालून ती संमती रद्द केली, आणि त्यास मिनिटभरही लागले नाही. तथापि बँकेने पैसे देणे थांबविले म्हणजे दुकानदाराच्या दप्तरी सदस्यत्व संपले असे होत नाही, म्हणून संकेतस्थळावरही ते निराळे रद्द करावे लागले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ या प्रकारास मज्जाव असून, सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपविणे वा ती किचकट करणे त्यातच मोडते. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांकही आहे. आमच्या संकेतस्थळाने वाट लपविली नव्हती, फक्त तिच्यावर पुष्कळ अतिथिगृहे बांधली होती. प्रथम निम्म्या दराचा प्रस्ताव आला, नंतर महिनाभर विश्रांतीचा, नंतर ‘आपली प्रगती नष्ट होईल’ असा कळवळा. अखेरीस कारण विचारण्यात आले. ‘महाग वाटले’ या कारणास पुन्हा सवलत मिळत होती, ‘उपयोग झाला नाही’ यास मार्गदर्शनपर चित्रफीत. म्हणून त्या बेकार मुलाने निरुपायाने ‘मला नोकरी मिळाली’ यावर बोट ठेवले. संकेतस्थळाने त्याचे मनःपूर्वक अभिनंदन केले, आणि या नव्या पदाची नोंद रेझ्युमेत करून घेण्यासाठी एकोणपन्नास रुपयांत सात दिवस देऊ केले.