तक्ता नाही, मग बफर कसला निवडायचा?

पुसदमध्ये बारावीचा सराव प्रश्नसंच मोबाईलवरून मोबाईलवर फिरतो, मग झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर उतरतो. या फिरण्यात चित्र म्हणून चिकटवलेला तक्ता गळून पडतो. उरतं ते इतकंच: ‘खालील तक्त्यावरून पीएच 5 चा बफर बनवण्यासाठी योग्य आम्ल निवडा.’ पर्याय फॉर्मिक, ॲसेटिक, हायड्रोसायनिक. खाली कोरी जागा.

मुलं असा प्रश्न सोडून देतात. पोरांनो, हा सोडू नका. आम्लांची नावं छापलेली आहेत, म्हणजे आकडे पुस्तकात मिळतील. 25 अंश सेल्सिअसला फॉर्मिकचा पीकेए 3.75, ॲसेटिकचा 4.76, हायड्रोसायनिकचा 9.2. पाचच्या सर्वांत जवळ ॲसेटिक. आता सूत्र:

pH = pKa + log([salt]/[acid])

5 मधून 4.76 वजा केले की 0.24 उरतात, म्हणून क्षार आणि आम्ल यांचं प्रमाण 1.74 येतं. एक लिटरमध्ये दोन्ही मिळून 0.1 मोल घ्यायचे तर सोडियम ॲसिटेट 0.0635 आणि ॲसेटिक ॲसिड 0.0365 मोल.

फॉर्मिकनेही पीएच 5 मिळतो की! मिळतो, पण प्रमाण जवळजवळ 18 येतं. त्याच 0.1 मोलमध्ये आम्ल उरतं अवघं 0.0053 मोल. त्यात 0.01 मोल सोडियम हायड्रॉक्साइड टाका. आम्ल संपतं, अल्कली शिल्लक राहते आणि पीएच 11.7 च्या आसपास उडी मारतो. ॲसेटिकच्या बफरमध्ये तेवढंच टाकलं तर पीएच 5.2 वर थांबतो. ‘जवळचा पीकेए निवडा’ हा नियम मुलांना पाठ असतो, त्यामागचं हे कारण मात्र शिकवणीत फारसं कोणी सांगत नाही. मला राग येतो तो याचा.

अशा प्रश्नांची दुसरी जात वेगळी. तिच्यात आम्लांना नावंच नसतात, फक्त HA, HB, HC. तक्ता गेला की तिथे काहीच हाती राहत नाही. अपवाद एकच: प्रश्नात आणखी कुठे मोजमाप दिलेलं असेल, जसं की HB निम्मं उदासीन केल्यावर पीएच 4.2 आला. तेव्हा क्षार आणि आम्ल समसमान, म्हणून पीकेए तोच, 4.2. असं काही नसेल तर अंदाजाने पर्याय रंगवू नका, सरांकडे आकडे मागा. आकडे नसतील तर तो प्रश्न रद्द करून घ्या.

आणि सर, मॅडम, तीन आकडे प्रश्नाच्या ओळीतच छापा. ॲसेटिकचा Ka एका पुस्तकात 1.8 × 10⁻⁵ असतो, दुसऱ्यात 1.75 × 10⁻⁵. पीकेए एकदा 4.74 येतो, एकदा 4.76. दोन्ही उत्तरं पर्यायांत असतील तर बरोबर गणित करणाऱ्या मुलाचेही गुण जातात.