क्रियापद कुठाय?

१ जुलैला ताडोब्याचा गाभा ३ महिन्यांसाठी बंद झाला की चंद्रपूरकडची वाघ बघणारी माणसं पाणी बघायला निघतात. चिमूर तालुक्यातल्या डोमा गावाजवळच्या मुक्ताई धबधब्यावर मग रविवारी बारशाएवढी गर्दी आणि लग्नाएवढा गोंधळ.

आमच्या सहलीची सूचना निवृत्त गुरुजींनी लिहिली. त्यात निसर्गाची कुशी नव्हती. 'सकाळी पेरजागडचा डोंगर. त्याआधी घरी पाठीवर ५ किलो घेऊन ३ मजले न थांबता चढा आणि वर पोचताच एक पूर्ण वाक्य बोला. जमलं तर या, नाही तर पायथ्याशी डबे राखा. दुपारी मुक्ताई. चालणं थोडंच, पण शेवाळावर कोणीच पैलवान नसतो.'

साळेभाऊ म्हणाले, "मी रोज तासभर चालतो."

"कुठं?"

"सपाट रस्त्यानं."

"सपाट डोंगर सापडला की कळवतो."

भाऊ तांदळाची पिशवी पाठीला बांधून जिने चढले आणि वर फक्त "च्या..." एवढंच म्हणाले. गुरुजींनी विचारलं, "क्रियापद कुठाय?" डबे राखायला माणूस मिळाला.

पेरजागडला अत्तर आणि विडी दोन्ही बंद, कारण कड्याला आग्या मोहोळं असतात. भाचा मोगऱ्यासारखा घमघमत आला होता; त्याला हापशाखाली बसवूनच गुरुजींनी पुढे घेतलं. माश्या उठल्याच तर हात झाडायचे नाहीत, तोंड झाकून लांब पळायचं, पाण्यात उडी घ्यायची नाही. आणि वाघाचा मुलूख असल्यानं झुडपाआड जायचं ते जोडीनंच. एरवी नवऱ्याशी न बोलणाऱ्या काकू त्या दिवशी त्याला दोनदा हाक मारत्या झाल्या.

मुक्ताईला ऊन पडलं होतं. गुरुजींनी मात्र कोळशानं काठच्या दगडावर पाण्याच्या बोटभर वर रेघ ओढली आणि तिच्याकडे बघत बसले. त्यांची नोकरी भामरागडला गेलेली. पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की गावाचा जगाशी संबंध तुटायचा, हे त्यांनी अनुभवलेलं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी मागच्या डोंगरावर ढग फुटलेला असू शकतो, आणि ते पाणी सांगून येत नाही.

खरं तर सांगतं, पण ऐकायला कोणाला सवड आहे? आधी पाण्याचा रंग चहासारखा झाला. मग काड्या-पानं वाहत आली, आवाज जाड झाला आणि रेघ बुडाली. गुरुजींची शिट्टी वाजली. बाहेर या, सामान राहू द्या, वरच्या बाजूला चढा. ओढा गुडघ्याच्या वर असेल तर पलीकडे जायचं नाही, ओसरेपर्यंत थांबायचं.

साळेभाऊ एका पायानं परतले. "गुरुजी, चप्पल!"

"जाऊ द्या. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी. राजमहेंद्रीला कोणाच्या तरी कामी येईल."

आम्ही बसलो होतो तो दगड थोड्याच वेळात दिसेनासा झाला. गुरुजींनी खिशातून सूचनेचा कागद काढला आणि त्यात 'चप्पल नको; पट्ट्याचे, खाचांच्या तळव्याचे बूट' असं लिहिलं.