मामांची फळी

मे महिन्यात भाचरं यायची म्हणून कोणी आंबे पिकत घालतं, कोणी कुरडया. सारोळ्याचे मामा खेळ लावतात. आयुष्यभर नीरेपलीकडे शिरवळच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलेला माणूस. घरातही त्याला एक स्टोअर हवंच होतं. माजघरातल्या भिंतीतल्या कपाटाची मधली फळी त्यांनी मामींच्या पापडाच्या डब्यांकडून जिंकून घेतली. मामींच्या मते ढापली.

असा एक मामा प्रत्येक घराण्यात असतो. खेळण्यांच्या दुकानात तो खोक्यावरचं चित्र बघत नाही, खोकं हलवून आवाज ऐकतो आणि दुकानदाराला विचारतो, "यात हरलेलं पोर किती वेळ बसून राहतं?" दुकानदार त्याला किंमत सांगतो.

पण मामांची सगळी फळी या एका प्रश्नावर उभी आहे. कारण गिऱ्हाइकं चार. पंधरा वर्षांचा मोबाईलवाला, अकरा वर्षांची वकीलीणबाई, हरला की भोकाड पसरणारा आठ वर्षांचा, आणि दिसेल ते तोंडात घालणारं अडीच वर्षांचं शेंडेफळ. मामांनी आधी प्रत्येकाला त्याच्या वयाचा खेळ आणून दिला होता. चौघं चार कोपऱ्यांत बसली आणि भांडायला मधोमध आली. तेव्हापासून नियम झाला की फळीवर तोच खेळ राहील, जो निदान दोन वयांना एकत्र बसवेल.

व्यापार या नियमाला उतरला, तरी वरच्या फळीवर गेला. त्यात दिवाळं निघालेला आठ वर्षांचा पुढचा दीड तास दुसऱ्यांच्या नोटा मोजत बसतो, म्हणजे रडत बसतो. सापशिडीत कोणी बाद होत नाही, पण फाशापलीकडे डोकं कुठेच लागत नाही. मोबाईलवाला तिसऱ्या सापाला उठतो. बुद्धिबळात दोघंच, आणि मोठ्याने आपला वजीर आधीच काढून ठेवायचा. कॅरमला लहानांना राणीवरचं कव्हर माफ. बदाम सात मात्र मामांचा लाडका, कारण डाव लवकर संपतो आणि रडू पुढच्या पिसणीत विरतं. आठ वर्षांच्याच्या हातात तेरा पानं मावत नाहीत, म्हणून कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवून त्याच्या दातांत पानं खोचून देतात. ब्रश मामींचा. त्यावर वेगळं भांडण आहे.

शेंडेफळासाठी मामांकडे मापही आहे: कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची रिकामी डबी. जे डबीत मावलं ते पोराच्या घशात जाऊ शकतं, म्हणून ते सगळ्यात वर. कवड्या, सागरगोटे, फासे वर गेले. कॅरमची सोंगटी डबीच्या तोंडाशी अडकल्यासारखी झाली. मामांनी क्षणभर विचार करून तीही वर ठेवली.

मागच्या वर्षी वळवाचा पाऊस आला आणि वीज गेली. मामांनी खडू काढला, फरशीवर पाच बाय पाच घरं आखली. चार कडांच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुल्या मारल्या. फोडलेल्या चिंचोक्यांची चार दलं काढली. चल्लस-आठ. एक पांढरं पडलं तर एक, दोन तर दोन, चारही पांढरी म्हणजे चार, चारही काळी म्हणजे आठ. चाराला आणि आठाला पुन्हा दान. सोंगट्या बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेने, आतल्या आठांतून उलट्या दिशेने, आणि मग मध्यात. मोबाईलवाल्याला आणि शेंडेफळाला मामांनी एका बाजूला घातलं. दान टाकायचं शेंडेफळाने, कोणती सोंगटी चालवायची ते ठरवायचं मोठ्याने. दलं गोळा करायचं काम मामांचं, कारण डबीचं माप ते विसरले नव्हते.

आठ वर्षांच्याची सोंगटी मेली. त्याने श्वास भरून घेतला, पण तोवर त्याचं दान आलं आणि सोंगटी पुन्हा पहिल्या घरातून निघाली. रडायला वेळच मिळाला नाही. त्यातून इथे तोड केल्याशिवाय, म्हणजे कोणाची तरी सोंगटी मारल्याशिवाय, आतल्या घरांत जाता येत नाही; त्यामुळे मागे पडलेल्याला पुढच्याची शिकार करण्यातच फायदा. वकीलीणबाईंनी फुलीवरची सोंगटी मारता येत नाही, हे चौथ्यांदा बजावलं. मोबाईलवाला घरं मोजत होता.

मामांची शेवटची सोंगटी मध्यापासून एक घर दूर होती. शेंडेफळाने दलं उडवली. चार काळी. मोठ्याने आठ घरं मोजली आणि मामांची सोंगटी उचलून त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात वीज आली.

"दान पडायच्या आधी लाइट आले," मामा म्हणाले. "हे धरायचं नाही."

वकीलीणबाई फळीवरून नियमांची शंभर पानी वही घेऊन आल्या. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. असा नियम कुठेच नव्हता.

मामांनी पेन मागितलं.