बालकथेची मागणी आल्यास करावयाची कार्यवाही

"मुलांसाठी एक रहस्यकथा द्या, छोटीशी. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा." दिवाळी अंकाच्या संपादकांचा असा निरोप आला की लेखकाने हुरळून जाऊ नये. वय, लांबी, पात्रं, बोध हे सगळं आता आपल्या गळ्यात आहे आणि ते चुकलं की "आम्हाला जरा वेगळं अपेक्षित होतं" म्हणायला संपादक मोकळे. सबब पुढील पायऱ्या क्रमानेच चढाव्यात.

पायरी १ : वय

'६ ते १४' हा संपादकांचा लाडका वयोगट. त्यातलं एक टोक जोडाक्षरावर अडखळतं आणि दुसरं टोक पहिल्याच परिच्छेदात चोर ओळखून अंक मिटतं. म्हणून एकच वय धरा : ८ वर्षं. हे मूल स्वतः वाचतं, तेव्हा वाक्यं छोटी ठेवा. 'किंकर्तव्यविमूढ' आपल्या आत्मचरित्रासाठी राखून ठेवावा. नायिका मात्र १० वर्षांची घ्या. ६ वर्षांच्या नायकाला आठ वर्षांचा वाचक 'बाळ' म्हणून निकालात काढतो, मोठ्या ताईच्या मागे मात्र मुकाट जातो.

वय ठरलं की रहस्यही ठरतं. खून बाद, दरोडा बाद. घरातली एखादी हवीहवीशी वस्तू नाहीशी होणं एवढंच उरतं. आपण चकल्या घेऊ. डबा दिवाळीआधीच रोज थोडा थोडा रिकामा होतो आहे.

पायरी २ : लांबी

कथेला दोन पानं मिळतात आणि त्यातली निम्मी चित्रकार नेतो. सातशे शब्द धरा. सावकाश, मोठ्याने वाचली तर सातेक मिनिटांत संपते. एवढ्या जागेत तीन संशयित मावतात. चौथा घेतलात तर कुणाचीच नीट झडती होत नाही. पहिल्या शंभर शब्दांत चकल्या कमी झाल्याच पाहिजेत. सह्याद्रीवरचा सूर्योदय आपल्या काव्यसंग्रहात हलवावा.

पायरी ३ : पात्रं

आरव, आरोही आणि आर्या यांना एका कथेत आणू नये. नवा वाचक पहिलं अक्षर बघून माणूस ओळखतो. आपली नायिका ईशा. संशयित तीन : मनी मांजर, चार वर्षांचा पिंटू आणि आजोबा. आई-बाबांना कामावर पाठवा, नाहीतर ते दुसऱ्याच परिच्छेदात डबा वरच्या फळीवर ठेवून कथा संपवतील. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पण शिकायला पुण्याच्या विद्याभवनात. घरापासून लांब असल्याने त्याला उचापती करायला किती रान मोकळं मिळतं ते पाहा. ओळखीच्या इन्स्पेक्टर काकांना शेवटी बोलावण्यास सक्त मनाई आहे. तपास ईशानेच करायचा.

पायरी ४ : सुगावा

उत्तर शेवटच्या ओळीत आकाशातून पडलं तर वाचक चिडतो, आणि ते रास्तच आहे. ते आधीच त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचं, पण दुसऱ्या कशात तरी मिसळून. इथे सुगावा असा : चकल्या कमी होतात, पण डब्याचं झाकण रोज सकाळी घट्ट लावलेलं असतं. मनीला झाकण उघडता येत नाही. पिंटू उघडेल, पण त्याने जन्मात काही बंद केलेलं नाही. उरलं कोण? तिसऱ्या परिच्छेदातच आजोबा ओरडून गेलेले असतात, "पेस्टचं झाकण कुणी उघडं टाकलं रे?"

आता चाचणी. शेजारच्या आठ वर्षांच्या मुलाला शेवट सोडून कथा वाचून दाखवा आणि चोर विचारा. झाकणाचं कारण देऊन त्याने आजोबांचं नाव घेतलं, तर कथा जमली. तो नुसता खांदे उडवत असेल, तर सुगावा पुरता दडला आहे. तो वाचन मध्येच तोडून "आजोबाच!" ओरडला, तर सुगावा उघडा पडला आहे. अशा वेळी आजोबांना पंखा चालू राहिल्याबद्दल आणि चपला वाकड्या ठेवल्याबद्दलही ओरडायला लावा. मग झाकण त्या गर्दीत लपतं.

पायरी ५ : बोध

'चोरी करू नये' हा बोध घेतलात तर बालकथेत आजोबांना रागे भरावं लागेल आणि एकही आजोबा तो अंक विकत घेणार नाहीत. बोध वेगळा लिहूच नये. चोर सापडल्यावर ईशा काय करते, त्यातच तो येतो. आजोबांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे. ईशा आईला सांगू शकते, गप्प राहू शकते किंवा रोजच्या एका चकलीवर गप्प राहू शकते. खरी मुलं तिसरा मार्ग धरतात आणि संपादक नेमका तोच कापतात. तेव्हा ईशाने आईकडे पुढच्या घाण्यासाठी कमी मिठाचं पीठ मागावं आणि कारण विचारल्यावर पिंटूकडे बघावं. आजोबा वाचतात, चकली वाचते आणि पिंटूवर अन्याय होतो. शेंडेफळ असलेला प्रत्येक वाचक इथे मान डोलावेल.

एवढं करूनही छापील अंकात कथेखाली चौकट दिसेल : 'तात्पर्य : मीठ बेताने खावे.' ती संपादकांची असते. सातशे शब्दांत ती धरत नाहीत, सबब तिचं मानधन मागू नये.