अण्णांची नोटीस

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाला काच आहे आणि त्या काचेची किल्ली अण्णांकडे आहे. अण्णा वीज मंडळातून निवृत्त झाले. 2005 साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण अण्णांना ते कोणी कळवलेलं दिसत नाही. फोन उचलला की अजूनही ते "कोण, बोर्डातून का?" असंच विचारतात.

परवा त्या काचेमागे फुलस्केपची दोन पानं लागली. निळ्या शाईत मजकूर, तांबड्या शाईत अधोरेखा. विषय : मीटररूममधील मुख्य पॅनेल बोर्डाची दुरुस्ती. येत्या गुरुवारी सकाळी दहा ते चार वीज बंद. पुण्यात गुरुवारी लाईट जाणं हा काही बातमीचा विषय नाही, एका ओळीत भागलं असतं. तसं मी बोललोही. अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, "एक ओळ वाचून माणसं लिफ्टमध्ये अडकतात."

म्हणून कलम दोन : लिफ्ट पावणेदहालाच बंद होईल. दहाला नाही. दहाला निघणारा माणूस दहालाच लिफ्टमध्ये शिरतो, हा अण्णांचा अनुभव.

कलम तीन पाण्याचं. ते त्यांनी तीनदा खोडून लिहिलं होतं. गेल्या खेपेला नुसतं 'पंप बंद राहील, पाणी भरून ठेवावे' असं लिहिलं आणि घात झाला. चोवीस बिऱ्हाडांनी सकाळी सातपासून पिंपं, बादल्या, कुकरची भांडीसुद्धा भरली आणि वीज जायच्या आत गच्चीवरची टाकी कोरडी. वास्तविक टाकी भरलेली असली तर पाणी आपल्या वजनानं खाली येतं, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती पाणी वर चढवायला. आता कलम असं आहे : 'टाकी साडेनऊला पूर्ण भरलेली असेल. कृपया कोणीही पाणी भरून ठेवू नये. रोजच्यासारखे, पण बेताने वापरावे.' शेवटच्या तीन शब्दांखाली तांबडी रेघ.

ही दुरुस्ती निघाली कशी, ते सांगायला हवं. दोनेक आठवडे जिन्यात संध्याकाळी सुक्या मासळीसारखा वास यायचा. साहजिकच तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणी कुटुंबाकडे सगळ्यांची नजर. त्यांच्या दारावरून जाताना काही मंडळी मुद्दाम नाकाला रुमाल लावू लागली. अण्णा मात्र एका संध्याकाळी जिन्यातच थबकले. "आज सोमवार," ते म्हणाले. "सोमवारी त्यांच्याकडे मासे नसतात." आणि थेट मीटररूमकडे चालते झाले. स्विचगिअरमधलं काही प्रकारचं प्लॅस्टिक तापलं की मासळीसारखा वास सुटतो, हे त्यांच्या नाकाला नोकरीपासून पाठ. वेळही नेमकी रात्री आठची होती, कारण तेव्हा घरोघरी सगळं चालू असतं आणि दुखणं तेव्हाच वर येतं.

त्याच सुमारास दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची तक्रार होती की खालच्यांनी गीझर लावला की आमचा दिवा भगभगतो. आम्ही हसलो होतो. खालच्यांनी गीझर लावला तर आमचा दिवा मंद व्हायला हवा, भगभगेल कसा? हे ऐकून अण्णा मात्र हसले नाहीत. "न्यूट्रल," एवढंच पुटपुटले.

मग पार्किंगमध्ये मला तीन बोटं दाखवून शिकवणी झाली. आपल्या इमारतीत तीन फेज येतात. घरं त्यांवर वाटलेली. प्रत्येक घराला आपली फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले 230 व्होल्ट मिळतात. फेज-फेजमध्ये मात्र 400 असतात. न्यूट्रल ही सगळ्यांची सामाईक परतीची वाट. तिचा मुख्य जोड सुटला, तर दोन फेजवरची दोन घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते 400 आपसांत वाटून घेतात. "वाटणी कशी? ज्याच्याकडे गीझर चालू, त्याला कमी. ज्याच्याकडे नुसता टीव्ही आणि एक दिवा, त्याच्या बोकांडी सगळा दाब. साधा माणूसच जळतो." आमचा जोड अजून तुटला नव्हता, नुसता सैल झाला होता. म्हणून दिवा भगभगत होता आणि टीव्ही वाचला होता.

पॅनेल उघडल्यावर ते मीही पाहिलं. येणारी केबल ॲल्युमिनियमची, बसबार तांब्याचा. त्या जोडावरचा लग काळानिळा पडलेला आणि केबलचं आवरण बोटभर करपून पापडासारखं कडक झालेलं. हे दोन धातू थेट अंगाला अंग लावून बसले की ओलीत जोड खात जातो. शिवाय ॲल्युमिनियम तापतं, दबतं, निवतं आणि नट हळूहळू ढिला होतो. नुसता नट आवळून भागणार नव्हतं. करपलेला तुकडा कापायचा, दोन धातूंसाठी मिळतो तो लग दाबून बसवायचा, बसबार घासून साफ करायचा. म्हणून सहा तास.

गुरुवारी वायरमननं खांबाकडून येणारा पुरवठा तोडला. अण्णांनी मुख्य स्विच खाली ओढला, त्याला कुलूप घातलं, किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात. वर पाटी : 'माणसे काम करत आहेत.' मग पिशवीतून दोन होल्डरला वायरी जोडलेला जुना टेस्ट लॅम्प काढला. आधी तो शेजारच्या इमारतीच्या चालू सॉकेटवर पेटतो का ते बघून आले, मग आमच्या बसबारवर तिन्ही फेजना लावला. पेटला नाही. परत जाऊन चालू सॉकेटवर बघितला. "बंद आहे असं समजू नये. बघावं." हे त्यांचं वाक्य आम्ही दिवाळीच्या माळेपासून ऐकत आलोय. त्यानंतर प्लॅस्टिकची खुर्ची मांडून ते स्विचसमोर बसले ते चहालासुद्धा हलले नाहीत. एकदा कोणी तरी 'लाईट गेलीय वाटतं' म्हणत आपणहून मुख्य स्विच वर केला होता. कुलूप आणि खुर्ची तेव्हापासूनची.

काम संपल्यावर प्रत्येक नटावरून बसबारवर उतरेल अशी मार्करची एक सरळ रेघ मारली. पुढच्या महिन्यात रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला असं समजायचं.

शेवटचं कलम : 'घरातला मेन स्विच बंद ठेवावा, वीज आल्यावर पाच मिनिटांनी चालू करावा, फ्रिज आणि एसी सर्वांत शेवटी.' त्या पाच मिनिटांत अण्णा मीटरनं प्रत्येक फेजचा दाब मोजतात आणि मग टॉर्च घेऊन पंपापाशी ओणवे होतात. दुरुस्तीत दोन फेजची अदलाबदल झाली तर पंप उलटा फिरतो. अंगावरच्या बाणाच्या दिशेनं फिरला. अण्णांनी हात वर केला आणि इमारत उजळली.

कलम पाच सांगायचं राहिलं : 'फ्रिज उघडू नये. न उघडल्यास चारेक तास गारवा टिकतो.' स्वतःच्या फ्रिजच्या दाराला अण्णांनी सकाळीच चिकटपट्टी मारली होती. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे चहाला बसलो. पट्टी जागेवर होती. अण्णा तिच्यापाशी वाकले, टॉर्च लावून बघितलं.

"ही तिरकी आहे," ते म्हणाले. "मी सरळ मारली होती."

आतून काकूंचा आवाज आला, "बारा वाजता ताक काढलं. चहात साखर किती घालू?"