गृहपालांस विनंतिअर्ज

मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी वसतिगृहातील विद्यार्थ्यास कांजिण्या उठल्या, की त्याने आधी कागद शोधावा, डॉक्टर नंतर. कारण स्वतंत्र खोली ज्वराने नव्हे, अर्जाने मिळते. मध्यंतरी असा एक अर्ज पाहण्यात आला. ‘मा. गृहपाल साहेब यांचे सेवेशी’ अशी सुरुवात करून त्यात पुरळ उठल्याची तारीख दिली होती, डॉक्टरांचा दाखला जोडला होता, आणि शेवटचा फोड खपली धरीपर्यंत, म्हणजे साधारणतः ५ ते ७ दिवस, वेगळी खोली मिळावी, तसेच तोंडातही फोड असल्याने बिनतिखटाची मुगाची खिचडी स्वतंत्र ताटात दाराशी ठेवावी, एवढेच मागितले होते. मागणी रास्त, भाषा नम्र. परंतु अर्ज समक्ष सादर करण्याचा दंडक असल्याने अर्जदाराने कचेरीत तिष्ठत उभे राहून, हवेतूनही पसरणारा तो रोग आवक-लिपिकास विनामूल्य पोहोचविला. मग ‘खोली शिल्लक नाही, भांडारखोलीबाबत अभिप्राय द्यावा’ असा शेरा पडला, यथावकाश अभिप्राय आला, मंजुरीचा हुकूम निघाला, तोवर खपल्या गळून अर्जदार वर्गात बसू लागला होता. तथापि पुरळ दिसण्यापूर्वी एक-दोन दिवसच संसर्ग सुरू होतो आणि लागण प्रकट व्हायला १० ते २१ दिवस लागतात, या निसर्गनियमामुळे हुकूम वाया गेला नाही: भांडारखोलीत आता त्याचे दोन सहनिवासी खिचडी खात आहेत, आणि आवक-लिपिकाचा रजेचा अर्ज, लिपिकच जागेवर नसल्याने, अद्याप नोंदला गेलेला नाही.